आपल्या माणसाला चिकटवताना

आमच्या मालवणकडे नोकरी ‘मिळत’ नाही, माणूस नोकरीला ‘चिकटतो’. आणि तो आपोआप चिकटत नाही, कुणीतरी त्याला चिकटवावा लागतो. लहानपणी गणपतीला चाकरमानी गावी आले की ओटीवर हेच बोलणे चाले. अमक्याचा झील कुठे चिकटला, तमक्याने आपल्या मेव्हण्याला कुठे चिकटवला. चिकटवणाऱ्याचे नाव आदराने घेतले जाई. मुंबईत मोठ्या जागेवर असूनही ज्याने गावच्या एकाही पोराला चिकटवले नाही, त्याच्या नावाने मात्र पानाची पिंक टाकली जाई.

मी बँकेत अधिकारी झालो आणि पुढे बदली होऊन आपल्याच जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत व्यवस्थापक म्हणून आलो, तेव्हा या ओटीवरच्या न्यायालयात माझाही खटला उभा राहणार हे उघड होते. साल होते 1992. शाखेत दोनच कायम शिपाई. त्यातल्या एकाचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले आणि त्याने दीड महिन्याची रजा टाकली. अशा वेळी रोजंदारीवर बदली शिपाई घेण्याचा अधिकार शाखा व्यवस्थापकाला असे. रक्कम किरकोळ, काम शटर उघडण्याचे, पाणी भरण्याचे, लेजर उचलून ठेवण्याचे, टपाल नेण्याचे. वरून पाहिले तर त्यात काहीच नव्हते. पण बँकेत त्या बदलीच्या दिवसांची नोंद राही. पुढे कधी कायम शिपाई भरायचे ठरले की ज्याच्या नावावर दिवस अधिक, त्याचा विचार आधी. म्हणजे मी दिलेला एक-एक दिवस हा त्या माणसाच्या जन्माच्या भाकरीचा एक-एक चतकोर होता. हे मला माहीत होते, आणि गावालाही माहीत होते.

सोमवारी सकाळी एक मुलगा आला. खाडीपलीकडच्या एका वाडीतला. दहावी पास, हातात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड आणि त्याची झेरॉक्स. शिपाई रजेवर जाणार हे त्याला बाजारात कळले होते. मी झेरॉक्स ठेवून घेतली आणि म्हटले, ‘‘गुरुवारी ये.’’

बुधवारी संध्याकाळी ताई आली. बरोबर भाचा, आणि पिशवीत सोले आणि खाजे. ती फार बोलली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘भाऊ, ह्याका खंय तरी चिकटय. तू सायब झालस, मगे घरच्या माणसाक उपेग काय?’’

वडील मुंबईला गिरणीत असताना या ताईने आम्हा भावंडांचे केले होते. माझ्या कॉलेजच्या फीसाठी तिच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. गुरुवारी सकाळी भाच्याने शाखेचे शटर वर केले.

दहा वाजता तो खाडीपलीकडचा मुलगा आला. भाचा माठात पाणी ओतत होता. मुलाने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी पुटपुटलो. तो ‘‘बरं साहेब,’’ म्हणाला आणि मग म्हणाला, ‘‘ती झेरॉक्स परत द्याल? दुसरीकडे लागेल.’’ मी ड्रॉवरमधून काढून दिली. तो परत कधी आला नाही.

आता या गोष्टीतली खरी अडचण सांगतो. माझा भाचा वाईट निघाला असता तर मला हा लेख लिहायला सोपे गेले असते. पण तो चांगला निघाला. वेळेवर येई, कुणाशी उद्धट बोलत नसे, रोकड आणायला बरोबर जाताना डोळ्यांत तेल घालून असे. पुढे काही वर्षांनी बदलीच्या दिवसांवरून त्याचे नाव यादीत आले, तो कायम झाला, नंतर दप्तरी झाला. बँकेचे माझ्यामुळे पैशाचेही नुकसान झाले नाही. वशिल्याविरुद्ध बोलताना आपण नेहमी म्हणतो की, नालायक माणसे भरली जातात. जातातही. पण लायक नातेवाईक भरला तर काय? तर मग नुकसान कुणाचे, हे शोधावे लागते. ते त्या झेरॉक्सवाल्या मुलाचे. तो माझ्या भाच्याहून सरस होता असे मी म्हणत नाही. तो सरस होता की नव्हता हे मी पाहिलेच नाही. त्याला तराजूत घातलाच नाही.

माझा स्वतःचा जन्म तरी कशावर उभा आहे? वडील 1948 च्या सुमारास आमच्या गावच्याच एका मुकादमाच्या ओळखीने मुंबईच्या गिरणीत लागले. त्या काळी आताचा सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, तो 1981 साली वेगळा झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांना विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांत जास्त कामगार पुरवले ते या रत्नागिरी जिल्ह्याने. ते जात कसे? गिरणीच्या मालकाला कामगार ठाऊक नसत. त्याला मुकादम ठाऊक असे, इंग्रजीत जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. माणसे भरणे, कामावर ठेवणे, काढणे हे पुष्कळसे मुकादमाच्या हाती. तो गावाहून भाऊबंद, पाव्हणे, शेजारी आणी. त्यांना गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळे, खाणावळीत उधारीवर जेवण मिळे. त्याबद्दल मुकादम दस्तुरी घेई. 1929 साली नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात मुकादमाच्या या सत्तेवर आणि लाचेवर बोट ठेवले आणि कामगार भरती त्याच्या हातून काढून घ्यावी असे सुचवले.

पण त्या मुकादमाला नुसता खलनायक ठरवणे बरोबर नाही. मुंबईत नवख्या आलेल्या पोराला तोच विमा, तोच सावकार, तोच पालक. आणि त्याच्यावरही दडपण असे. त्याने गावच्या माणसांना कामे दिली नाहीत तर त्याच्यामागे माणसे राहत नसत, आणि माणसे नसलेल्या मुकादमाला गिरणी तरी कशाला विचारील? आमच्या ओटीवर पानाची पिंक टाकली जाई ती याच हिशेबाने.

मग यात वगळले कोण गेले? वडील साचेखात्यात होते, म्हणजे विणकामात. तिथे मजुरी सूतखात्यापेक्षा बरी. आमच्याच गावच्या दलित वस्तीतली माणसेही मुंबईत गिरणीत होती, पण ती सगळी सूतखात्यात. मी एकदा वडिलांना कारण विचारले. ते म्हणाले, धोट्यातला धागा संपला की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावायचे, म्हणून ‘ती’ माणसे साच्यावर नकोत. मुंबईच्या गिरण्यांत ही सर्रास रीत होती, आणि 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. विटाळ हे कारण सांगायला होते, पण त्या विटाळाने चांगल्या मजुरीचे खातेही राखले जात होते.

आणि इथे वशिल्याचे अंतरंग उघडे पडते. मुकादमाने कुणाच्या वाईटावर टपून काही केले असे नव्हे. तो फक्त ‘आपली माणसे’ लावत होता. पण आपल्याकडे सोयरीक जातीत होते, वाडी जातीची असते, ओटीवर बसणारेही ठरलेले असतात. प्रत्येकाने आपापल्या भाच्याचे भले केले की, कुणीही न ठरवता, एक अख्खी वस्ती चांगल्या खात्याच्या दाराबाहेर राहते. भाच्यावरचे प्रेम खरे असते आणि ते बंद दारही खरे असते.

यावर उपाय शोधले गेले, आणि प्रत्येक उपायातून वाट काढली गेली, हेही सांगायला हवे. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कार्डाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी फाटकावर हजर राहायचे, आणि गैरहजर कामगारांच्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. रोज सकाळी फाटकावर बोट दाखवून ‘तू ये, तू नको’ म्हणण्याची मुकादमाची सत्ता त्यामुळे आटली. पण पहिले कार्ड कुणाच्या सांगण्यावरून मिळायचे? वडिलांना ते मुकादमाने शब्द टाकला म्हणूनच मिळाले. मी पुढे बँकेत जे पाहिले तेच हे. यादी पाळली जाते की नाही हे सगळे तपासतात. यादीत नाव घालतो कोण, हे कुणी विचारत नाही.

मी स्वतः 1981 साली बँकेत लागलो तो लेखी परीक्षा देऊन. पुढल्याच जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि घरात माझा एकट्याचा पगार उरला. नेमणुकीचे पत्र आले तेव्हा वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘कोणाची चिठ्ठी नाय लागली?’’ नाही म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प होते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक असतो. तपासणाऱ्याला माझे गाव, माझी वाडी, माझे मामा ठाऊक नसतात. चिठ्ठीशिवाय दार उघडणारी ती आमच्या घराण्यातली पहिली वेळ. आणि अकरा वर्षांनी मी त्या मुलाची झेरॉक्स परत केली.

लेखी परीक्षेनंतर मुलाखत येते, आणि तिथे आसनक्रमांकाला पुन्हा चेहरा मिळतो. पुढे मी बँकेच्या मुलाखत मंडळांवर बसलो, तेव्हा एका अनुभवी साहेबांनी मला हरियाणाचा एक खटला वाचायला दिला. तिथल्या लोकसेवा आयोगाने 61 जागांसाठी 1300 हून अधिक उमेदवार मुलाखतीला बोलावले होते. लेखी परीक्षा 700 गुणांची, मुलाखत 200 ची. निवडलेल्यांत आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक निघाले. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली निकाल दिला तो गुणांच्या गणितावर. ते गणित घरच्या घरी करून पाहण्यासारखे आहे.

समजा एका अनोळखी मुलाला लेखीत 700 पैकी 420 आहेत आणि आपल्या माणसाला 380. मुलाखतीत अनोळखी मुलाला 200 पैकी 90 दिले, आपल्या माणसाला 140. दोन्ही आकडे कुणाला खटकणार नाहीत. एक साधारण, एक बरा. बेरीज 510 आणि 520. महिनोन्‌महिन्यांच्या अभ्यासाची 40 गुणांची आघाडी दहा मिनिटांत पुसली गेली. न्यायालयाने म्हटले की अशा परीक्षेत मुलाखतीचे वजन एकूण गुणांच्या 12.2 टक्क्यांहून अधिक नसावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाचे प्रमाण तेव्हा तेवढेच होते. त्या प्रमाणात 700 च्या लेखीला मुलाखत सुमारे 97 गुणांची येते. तोच हात सैल सोडला तरी 44 आणि 68 असे गुण पडतील, बेरीज 464 आणि 448. अनोळखी मुलगा पुढेच राहतो. माणसाची नियत बदलायला लागत नाही, तिला वाव किती ठेवायचा तेवढे ठरवावे लागते.

मात्र लेखीत मागे असलेला मुलाखतीत पुढे गेला, एवढ्यावरून चोरी पकडली असे समजू नये. प्रामाणिक मुलाखतीतही असे होते, आणि न्यायालयानेही तेवढ्यावर बोट ठेवून ती निवड रद्द केली नाही. संशय घ्यावा तो पुन्हा पुन्हा त्याच आडनावांच्या बाबतीत तसे घडले तर.

त्याच निकालात दुसरी गोष्ट आहे. मंडळावरच्या सदस्याचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्याने काय करावे? आपल्याला वाटते, नातेवाईक आत आला की आपण बाहेर जावे, झाले. न्यायालयाने लोकसेवा आयोगापुरती तेवढी सवलत दिली, कारण घटनेने नेमलेल्या सदस्याच्या जागी दुसरा आणता येत नाही. शिवाय आत आपल्या माणसाच्या गुणांची चर्चा करायची नाही आणि त्याला मिळालेले गुणही कळून घ्यायचे नाहीत, अशी अट घातली. पण साध्या निवड समितीवरच्या माणसाने संपूर्ण निवडीतूनच दूर व्हावे, असे सांगितले. का, हे मला आधी उमगले नव्हते. मग ध्यानात आले. आपल्या माणसाला गुण वाढवून द्यायची गरजच नसते. बाकीच्यांना दोन-दोन कमी दिले की पुरे. आणि त्या वेळी आपण खोलीतच असतो.

एवढे शहाणपण गाठीला असूनही मी दुसऱ्यांदा चुकलो, ते पुस्तकांच्या बाबतीत. निवृत्तीनंतर एका वाचनालयाच्या कथासंग्रह पुरस्काराच्या निवड समितीवर मला घेतले. आलेल्या पुस्तकांत माझ्या वहिनींचा संग्रह होता. मी तसे सांगितले आणि त्या पुस्तकावर चर्चा सुरू झाली तेव्हा उठून व्हरांड्यात गेलो. चहा घेतला, समोरच्या फणसाकडे पाहिले, परत आलो. पुरस्कार वहिनींना ठरला होता. एक परीक्षक माझ्याकडे पाहून हसले. त्यांच्या एका विद्यार्थ्याचे पुस्तक पुढच्या वर्षी येणार होते.

गावातल्या एका वकील मित्राला मी हे सांगितले तर त्याने 1984 चा ओरिसातला एक निकाल काढून दाखवला. तिथे शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या समितीवर काही लेखकच बसले होते आणि त्यांची पुस्तकेही निवडीला होती. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मदन हे मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. आपले पुस्तक आले की लेखकाने बाहेर जाऊन भागत नाही, असे त्यांनी म्हटले. बाकीच्या सदस्यांना तो ठाऊक असतो, त्याच्यापुढे त्याच्या पुस्तकाला नको म्हणणे अवघड असते, आणि आज मी तुझे घेतो, उद्या तू माझे घे, असा व्यवहार न बोलताही होतो. माझ्या व्हरांड्यातल्या चहाचे वर्णन माझ्या आधी कितीतरी वर्षे लिहून ठेवले होते. वहिनींचा संग्रह चांगला होता. पण आता तो चांगला होता हे मी कुणालाच पटवून देऊ शकत नाही. माझ्या तिथे असण्याने सर्वांत मोठे नुकसान माझ्याच माणसाचे केले.

बँकांच्या बदली शिपायांच्या गोष्टीला पुढे आणखी वळण आले. 10 एप्रिल 2006 रोजी उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी वा सार्वजनिक नोकरीत जाहिरातीशिवाय, स्पर्धेशिवाय मागच्या दाराने आलेल्याला, तो कितीही दिवस राबला असला तरी, कायम होण्याचा हक्क नाही. मंजूर जागेवर दहा वर्षे काम केलेल्यांसाठी एकदाच अपवाद ठेवला. त्या निकालामागचा विचार असा की कोर्टात उभा असलेला माणूस दिसतो, पण ज्यांना त्या जागेची खबरच मिळाली नाही, असे असंख्य लोक कोर्टात उभे नसतात. त्यांचाही हक्क मोजायला हवा. वाचताना मला ती झेरॉक्स आठवली.

हा निकाल अनेकांना कठोर वाटला आणि तो होताच. वर्षानुवर्षे राबलेली गरीब माणसे घरी गेली. आणि अनेक ठिकाणी शिपायाची, सफाईची कामे कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटदार माणसे कुठून आणतो? ओळखीतून, गावाहून, मेव्हण्याच्या सांगण्यावरून. मुकादम परत आला आहे. फक्त आता तो पगाराची पावती संगणकावर छापून देतो.

रामशास्त्री प्रभुण्यांची एक आख्यायिका आपल्याकडे सांगतात. श्रावणातल्या दक्षिणेच्या वेळी त्यांचा स्वतःचा भाऊ रांगेत आला. नाना फडणीस म्हणाले, शास्त्रीबुवांचे बंधू आहेत, त्यांना अधिक द्यावे. शास्त्रीबुवांनी नकार दिला. विद्वत्ता इतरांएवढी, तर दक्षिणाही इतरांएवढी. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी माझ्या घरातून देईन. घडली असो वा नसो, गोष्टीतला हिशेब चोख आहे. भावाला देऊ नये असे ती सांगत नाही. कुठल्या पेटीतून द्यावे, ते सांगते.

ताईच्या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर सुचले नव्हते. घरच्या माणसाला उपयोग काय? आता तिच्या नातवंडांची वेळ आली आहे. परीक्षेचे अर्ज, क्लासची फी, पुस्तके, मुंबईला परीक्षेला जाताना राहायची सोय, हे सगळे मी करतो, कारण ते माझ्या पेटीतले आहे. ताईला ते पुरेसे वाटत नाही. ती म्हणते, ‘‘पूर्वी तू शब्द टाकीत होतस.’’

बदली शिपायाचा एक दिवसही माझ्या पेटीतला नव्हता. तो बँकेचा होता, आणि त्यावर खाडीपलीकडून चालत आलेल्या त्या मुलाचा माझ्या भाच्याइतकाच वाटा होता. भाच्याच्या कायम नेमणुकीची तारीख मला आजही पाठ आहे, घरात पेढे वाटले होते. त्या मुलाचे नाव मात्र मला आठवत नाही. झेरॉक्सवर होते, पण ती मी त्याला परत दिली.